चौदा जोड्या, सहा महिने

भोसरी एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मेंटॉरिंगची सुरुवात सूचनाफलकावरच्या एका कागदाने झाली होती. ज्यांना अनुभवी सहकाऱ्याचं मार्गदर्शन हवं आहे त्यांनी एचआरकडे नाव द्यावं, कोणाचं मार्गदर्शन हवं तेही जमल्यास कळवावं, एवढाच मजकूर. अकरा नावं आली, अकरा जोड्या झाल्या, चहा-सामोशांसह उद्घाटन झालं. चार महिन्यांनी त्यातल्या दोनच जोड्या भेटत होत्या. बाकीच्यांनी कुठलाही वाद न घालता भेटणं सोडून दिलं होतं.

कारखान्याचं नाव छापायचं नाही या अटीवर तिथल्या एचआर प्रमुखांनी मला त्या पहिल्या प्रयत्नाची यादी दाखवली. यादीतल्या सात जणांनी मार्गदर्शक म्हणून आपल्याच कॉलेजचा किंवा आपल्याच तालुक्याचा माणूस मागितला होता. दोघांनी थेट आपल्या साहेबांचं नाव लिहिलं होतं. ‘आणि ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं होतं, ते यादीत नव्हतेच,’ त्या म्हणाल्या. नोकरीला लागून दीड-दोन वर्षं झाली की न बोलता राजीनामा देणारी जी मुलं-मुली होती, त्यांच्यापैकी एकानेही नाव दिलं नव्हतं.

हे केवळ भोसरीत घडलं असं नाही. जेसन सँडविक, क्रिस्टोफर स्टँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विक्री कॉल सेंटरमध्ये याच प्रश्नावर प्रयोग केला होता. नव्या भरतीच्या काही तुकड्यांत सगळ्यांना मेंटॉर देण्यात आला, तर काही तुकड्यांत मागणाऱ्यांमधूनच चिठ्ठ्या टाकून. सगळ्यांना मेंटॉर मिळालेल्या तुकड्यांची विक्री लक्षणीय वाढली. स्वतःहून मागणाऱ्यांना मात्र मेंटॉरचा फारसा फायदा झाला नाही, कारण ती मंडळी मुळातच चटपटीत होती, मेंटॉर नसतानाही विचारून विचारून शिकणारी होती. खरा फायदा ज्यांना झाला असता ते पुढे येत नाहीत. कॉल सेंटरमधल्या थोड्या आठवड्यांच्या कार्यक्रमावरून मशीन शॉपबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. पण भोसरीच्या यादीशी हे इतकं जुळतं की दुसऱ्या प्रयत्नाचा पहिला नियम त्यातूनच आला: तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी झालेले सगळे चौतीस इंजिनिअर कार्यक्रमात असतील, कोणी आधी आणि कोणी नंतर ते चिठ्ठ्या टाकून ठरेल, आणि ऐच्छिक असेल ते फक्त मेंटॉर होणं.

या दुसऱ्या प्रयत्नाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. अशा कार्यक्रमाचं यश माणसांच्या चांगुलपणावर जितकं अवलंबून असतं त्यापेक्षा जास्त जोडी लावण्याच्या नियमांवर आणि एका पानावर लिहिलेल्या उद्दिष्टावर असतं, हे मला तिथे दिसलं.

*

कारखाना ३४० माणसांचा. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि गिअरबॉक्सची हाउसिंग मशिन करून देणारा. हा आकार मोठा अडचणीचा असतो. तीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालक स्वतः प्रत्येकाच्या मशीनपाशी उभा राहतो, कोण कुठे अडलंय ते त्याला दिसतं. हजारोंच्या कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग असतो. साडेतीनशेच्या घरात मालकाला प्रत्येकाचं नाव माहीत नसतं आणि प्रशिक्षणासाठी स्वतंत्र माणूस ठेवणं परवडत नाही. इथे एचआरमध्ये चार जण आहेत. पगार, हजेरी, कंत्राटी कामगारांची कागदपत्रं आणि भरती यांतच त्यांचा दिवस जातो.

म्हणून त्यांनी आधी मेंटॉर मोजले. चौतीस मुलांना मेंटॉर हवेत, तर चौतीस मेंटॉर शोधू, असा हिशेब बहुतेक ठिकाणी होतो आणि तिथेच कार्यक्रम बुडतो, कारण शेवटचे दहा-बारा मेंटॉर ओढून-ताणून आणलेले असतात. इथे आठ वर्षांपेक्षा जास्त अनुभव असलेले एकेचाळीस जण निघाले. त्यातले नऊ जण नव्या मशिनिंग लाइनच्या उभारणीत अडकलेले होते. चार जण सहा महिन्यांच्या आत निवृत्त होणार होते. पाच जणांनी सरळ नको म्हटलं, आणि त्यांचं नको कोणताही खुलासा न मागता मान्य केलं गेलं. उरलेल्यांपैकी सहा जणांना कार्यक्रमासाठी नेमलेल्या समितीनेच बाजूला ठेवलं. त्यांच्या हाताखालची माणसं वारंवार बदली मागत होती, किंवा चारचौघांत ओरडण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. हे सहा जण कामात अव्वल होते. त्यांना वगळण्यावर समितीत सर्वांत लांब चर्चा झाली, आणि माझ्या मते पूर्ण कार्यक्रमातला तोच सगळ्यात धाडसी निर्णय होता. ‘उत्तम कारागीर आहे, तो शिकवेल’ हे गृहीतक आपल्या कारखान्यांत फार खोलवर रुजलेलं आहे.

राहिले सतरा. चौदा जोड्या करायच्या आणि तीन मेंटॉर राखीव ठेवायचे, असं ठरलं. राखीव कशाला, असा प्रश्न प्लांट हेडनी विचारला होता. सहा महिन्यांत कोणीतरी नोकरी सोडतं, कोणाची पाळी बदलते, कोणाचं जमत नाही. त्या वेळी नवा मेंटॉर शोधत बसलं तर मुलाचे दोन महिने जातात आणि जोडी तुटल्याचा दोष नकळत त्याच्याच माथी येतो.

वेळेचा हिशेबही कागदावर मांडला गेला. पंधरा दिवसांतून एक भेट, पंचेचाळीस मिनिटांची. सहा महिन्यांत तेरा भेटी, म्हणजे पावणेदहा तास. मेंटॉरच्या तयारीसाठी दोन तासांची दोन सत्रं, मध्ये आणि शेवटी एकेक तासाचा आढावा. एका मेंटॉरचे सोळा तास, चौदा जणांचे सव्वादोनशेच्या आसपास. हा आकडा मालकांपुढे ठेवला आणि तो कामाच्या वेळेतून देण्याची लेखी परवानगी घेतली. पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा. भेटीची वेळ ठरली बुधवारी पावणेतीन ते साडेतीन. पाळी सुटल्यावर भेटायचं ठेवलं असतं तर कंपनीच्या बसने जाणारा एकही मुलगा थांबला नसता.

*

आता जोड्यांचे नियम. पहिला नियम कुठेही मोडायचा नाही असा: साहेब मेंटॉर होऊ शकत नाही, साहेबांचे साहेबही नाहीत. ज्याच्या सहीने पगारवाढ ठरते त्याच्यापुढे ‘मला हे जमत नाही’ असं कोण म्हणेल? आणि तेच म्हणता आलं नाही तर त्या पंचेचाळीस मिनिटांत बोलायचं तरी काय? पहिल्या प्रयत्नात आपल्या साहेबांचं नाव लिहिणाऱ्या दोघांच्या भेटी अखेरीस रोजच्या उत्पादनाच्या बैठका झाल्या होत्या.

दुसरा नियम अंतराचा. मेंटॉर शक्यतो शेजारच्या विभागातला आणि दोन पायऱ्या वरचा. एकच पायरी वर असेल तर उद्या दोघं एकाच जागेसाठी उभे राहू शकतात. चार पायऱ्या वर असेल तर मुलगा पंचेचाळीस मिनिटं ‘हो सर’ म्हणत बसतो आणि त्या उंचीवरच्या माणसाला त्याच्या मशीनवरची अडचण आठवतही नसते. तिसरा नियम पाळीचा: दोघांच्या पाळ्या दर दोन आठवड्यांतून किमान एकदा जुळल्या पाहिजेत. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण जोडी मोडण्याचं एक कारण पुढे तोच ठरला.

मुलींच्या बाबतीत एक पेच होता. चौतीसमध्ये नऊ मुली, आणि मेंटॉर होऊ शकतील अशा अनुभवी स्त्रिया दोनच. मुलींना बाईच मेंटॉर द्यायची असं ठरवलं असतं तर त्या दोघींवर नऊ जणींचा भार पडला असता आणि मुलींना टूलरूम, प्रोसेस, मेंटेनन्स या विभागांतल्या लोकांपर्यंत पोहोचताच आलं नसतं. म्हणून कोणालाही एकापेक्षा जास्त मेंटी नाही हा नियम त्या दोघींनाही लागू केला आणि भेटीच्या जागेचे नियम सगळ्या जोड्यांसाठी सारखे ठेवले: काचेची केबिन किंवा कॅन्टीन, पाळीच्या वेळेत, कारखान्याच्या आवारातच. ते फक्त स्त्री-पुरुष जोड्यांसाठी केले असते तर त्या जोड्यांकडे बोट दाखवल्यासारखं झालं असतं.

पण या सगळ्या नियमांनी फक्त कोण नको ते ठरतं. कोण हवं ते ठरवायला त्यांनी आधी उद्दिष्ट आणि मग माणूस असा क्रम लावला. चिठ्ठीत आलेल्या चौदा जणांना मेंटॉरची नावं सांगितलीच नाहीत. आधी प्रत्येकाने एक पान लिहायचं: पुढच्या सहा महिन्यांत मला आज येत नसलेलं कोणतं एक काम यायला हवं. मेंटॉरनीही एक पान लिहायचं: मी स्वतःच्या हाताने केलेली आणि दुसऱ्याला दाखवू शकेन अशी दोन कामं. मग मुलांना मेंटॉरची पानं वाचायला दिली आणि मेंटॉरना मुलांची, पण नावं झाकून. कॉलेज, गाव, आडनाव यांपैकी काहीही त्या पानावर नव्हतं. आपल्याकडे आडनावावरून किती गोष्टी ठरवल्या जातात हे कोणाला सांगायची गरज नाही. इथे ती वाटच बंद केली.

दोन्ही बाजूंनी पसंतीक्रम लिहिले आणि जोडी लावायला एचआरने एक जुनी रीत वापरली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली ती मांडली, कॉलेज प्रवेश आणि लग्नं जुळवण्याच्या प्रश्नावर. शॅपली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेही काम होतं. रीत अशी की मेंटी आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. मेंटॉरकडे एकापेक्षा जास्त अर्ज आले तर त्यातला आपल्या यादीत वर असलेला तो तात्पुरता धरून ठेवतो, बाकी परत पाठवतो. परत आलेला आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो. तिथला मेंटॉर आधी धरलेल्यापेक्षा हा वरचा असेल तर जुन्याला सोडून याला धरतो. कोणीही परत यायचं राहिलं नाही की जोड्या पक्क्या.

प्रत्यक्षात हे टेबलावर चिठ्ठ्या सरकवून झालं. त्यातल्या तिघांचं पाहू. क्वालिटीतल्या मुलीची पहिली पसंती टूलरूमचे प्रमुख, मग प्रोसेसचे, मग परचेसचे. प्लॅनिंगच्या मुलाचीही पहिली पसंती टूलरूमच. मेंटेनन्सच्या मुलाची पहिली पसंती प्रोसेस, दुसरी टूलरूम, तिसरी परचेस. टूलरूमच्या प्रमुखांनी प्लॅनिंगचं पान सगळ्यात वर ठेवलं होतं, त्याखाली मेंटेनन्सचं आणि मग क्वालिटीचं. त्यामुळे पहिल्या फेरीत क्वालिटीची चिठ्ठी परत आली आणि प्रोसेसकडे गेली. तिथे मेंटेनन्सच्या मुलाची चिठ्ठी आधीच धरलेली होती, पण प्रोसेसच्या प्रमुखांनी क्वालिटीच्या पानाला वरचा क्रम दिला होता. म्हणून मेंटेनन्सची चिठ्ठी सुटली, टूलरूमकडे गेली, तिथे प्लॅनिंग वर असल्यामुळे परत आली आणि परचेसकडे जाऊन स्थिरावली.

मेंटेनन्सच्या मुलाला तिसरी पसंती मिळाली, त्याचं वाईट वाटलं असणार. पण या रीतीचा एक गुण असा की निकाल लागल्यावर ‘मला तो मेंटॉर जास्त हवा होता आणि त्यालाही मीच हवा होतो’ असं म्हणू शकेल अशी एकही जोडी उरत नाही. एचआरने मनाने जोड्या लावल्या असत्या तर ही तक्रार कोणीतरी केलीच असती आणि तिला उत्तर नसतं. शिवाय टॅमी अ‍ॅलन, लिलियन ईबी आणि एलिझाबेथ लेंट्झ यांच्या २००६ च्या अभ्यासात असं दिसलं होतं की जोडी ठरवण्यात आपलाही शब्द होता असं ज्यांना वाटतं त्यांचं नातं जास्त कसदार ठरतं. तिसरी पसंती मिळालेल्यानेही ती पसंती स्वतःच्या हाताने लिहिलेली असते.

*

उद्दिष्टाच्या पानावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्यांदा आलेल्या चौदा पानांपैकी नऊ पानांवर आत्मविश्वास, संवादकौशल्य, नेतृत्वगुण यांपैकी एखादा शब्द होता. अशा उद्दिष्टाचं काय करायचं हे मेंटॉरला कळत नाही आणि ते साधलं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. समन्वयक म्हणून नेमलेल्या सहायक एचआर व्यवस्थापकांनी ती पानं परत दिली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: ‘आत्मविश्वास आला की तू कोणतं काम करशील, जे आज टाळतोस?’

क्वालिटीतल्या मुलीचं उत्तर होतं, ग्राहकाच्या तक्रारीवरचा एटडी रिपोर्ट. तक्रार आली की कारखान्याला आठ टप्प्यांत उत्तर द्यावं लागतं: सदोष माल कुठे कुठे अडवला, मूळ कारण काय, उपाय काय, तोच दोष पुन्हा येऊ नये म्हणून काय बदललं. तिने लिहिलेला रिपोर्ट ग्राहक जवळजवळ दर वेळी परत पाठवत असे, मग तिचे साहेब तो रात्री बसून पुन्हा लिहीत. तिच्या पानावर अखेर हे उतरलं: मार्चअखेरपर्यंत मी लिहिलेले लागोपाठ तीन एटडी रिपोर्ट ग्राहकाने परत न पाठवता स्वीकारावेत. एक काम, एक मोजमाप, एक तारीख. आणि ते झालं की नाही हे ठरवणारा माणूस मेंटॉरही नाही आणि साहेबही नाहीत.

तिच्या भेटींबद्दल ती आणि तिचे मेंटॉर दोघंही मोकळेपणाने बोलले. पहिली तक्रार व्हॉल्व्ह बॉडीच्या आडव्या भोकात राहिलेल्या बरची होती. ड्रिल बाहेर पडताना धातूची जी बारीक कड उरते ती. तिने मूळ कारण लिहिलं होतं: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिलं. ‘मी काही दुरुस्त केलं नाही,’ मेंटॉर म्हणाले. ‘मी तिला डीबरिंगच्या टेबलापाशी नेलं आणि म्हटलं, हा ऑपरेटर आज रजेवर आहे असं समज. आता बर कसा राहील ते मला दाखव.’

ती तिथे अर्धा तास उभी राहिली. भोकात फिरवायचा ब्रश झिजत जातो, पण तो किती नगांनंतर बदलायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक पाळीचा ऑपरेटर आपल्या अंदाजाने बदलत होता. आतली कड डोळ्यांना दिसत नाही, आणि आत बघण्याची बोरस्कोप ही दुर्बीण क्वालिटीच्या कपाटात होती, टेबलापाशी नव्हती. म्हणजे बर राहण्याचं एक कारण आणि तो न सापडण्याचं दुसरं, दोन्ही माणसाबाहेरची. तिने झिजलेले ब्रश गोळा केले, किती नगांनंतर कड राहू लागते ते दोन पाळ्यांमध्ये तपासलं आणि ब्रश बदलण्याचा आकडा कामाच्या सूचनापत्रात घातला. बोरस्कोप टेबलाजवळ आली. तो रिपोर्ट स्वीकारला गेला. पुढचा परत आला, कारण उपाय लागू झाल्याचा पुरावा तिने जोडला नव्हता. मग पुन्हा एकपासून मोजणी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लागोपाठ तिसरा रिपोर्ट स्वीकारला गेला.

या उद्दिष्टात एक धोका होता, तोही सांगायला हवा. साहेबांचंच टार्गेट मेंटॉरिंगच्या पानावर येऊन बसू शकतं. म्हणून सुरुवातीला साहेब, मेंटॉर आणि मेंटी यांची वीस मिनिटांची एक एकत्र भेट ठेवली होती. तिथे साहेबांनी एकच ओळ लिहायची: या कामासाठी मी याला कशातून मोकळं करीन. क्वालिटीच्या साहेबांनी लिहिलं, ‘रिपोर्ट परत आला तर तीच पुन्हा लिहील, मी लिहिणार नाही.’ त्यानंतर साहेब या नात्याच्या बाहेर. एका उत्पादन व्यवस्थापकांनी तिसऱ्या महिन्यात मेंटॉरला जेवणाच्या रांगेत गाठून विचारलंच, ‘आमचा मुलगा कसा आहे?’ तयारीच्या सत्रात यासाठीचं उत्तर ठरवून दिलेलं होतं: ‘ते तुम्ही त्यालाच विचारा, सर.’ मेंटॉरकडून मूल्यमापनासाठी कोणताही शब्द घ्यायचा नाही हे लेखी होतं, आणि समन्वयकांच्या वहीत भेट झाली की नाही एवढीच नोंद होती.

*

एका जोडीत अंतराचा नियम जाणूनबुजून उलटा केला होता. मेंटॉर अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेले सेटर, मेंटी त्यांच्यापेक्षा वरच्या ग्रेडचा प्रोसेस इंजिनिअर. मुलाचं उद्दिष्ट होतं सोमवारी सकाळी हाउसिंगच्या बोअरचं माप का हलतं ते शोधून त्यावर लेखी पद्धत बसवणं. रविवारी मशीन बंद असतं, सोमवारी थंड असताना सुरू झालं की स्पिंडल आणि बॉलस्क्रू तापत जातात तसं माप सरकत जातं. सेटरना हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. ते सोमवारी आधी मशीन रिकामं फिरवत आणि पहिले काही नग मोजून ऑफसेट देत. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते रजेवर असले की सोमवारी रिजेक्शन वाढायचं आणि कोणाला कारण कळायचं नाही.

पहिल्या दोन भेटी जड गेल्या. सेटर मुलाला ‘साहेब’ म्हणत, मुलगा चुकीचं बोलला तरी गप्प राहत. शेवटी मुलानेच भेटीची जागा बदलून घेतली. केबिनऐवजी मशीनपाशी, आणि तिथे त्याने त्यांना ‘काका’ म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या भेटीत काकांनी त्याच्या हातातला बोअर गेज काढून घेतला आणि म्हणाले, ‘असं नाही धरायचं, हाताची ऊब लागते त्याला.’ पुढच्या सहा सोमवारी दोघांनी मिळून दर दहा मिनिटांनी माप नोंदवलं. वॉर्मअपचा एक छोटा प्रोग्राम आणि पहिल्या नगांची तपासणी अशी पद्धत आता मशीनवर चिकटवलेली आहे, काकांच्या नावासह. असं ज्ञान घेऊन लोक निवृत्त होत आहेत आणि आपण निरोप समारंभात त्यांना घड्याळ देतो, हे मला फार लागतं. निवृत्तीला सहा महिने राहिले म्हणून जे चार जण या कार्यक्रमातून वगळले गेले, त्यांच्याजवळही असं काही होतंच. त्यांच्यासाठी वेगळी, दोन महिन्यांची आखणी हवी होती. ती झाली नाही.

*

सहाव्या आठवड्यात एक दार ठेवलेलं होतं. दोघांपैकी कोणीही समन्वयकांना ‘ही जोडी नको’ एवढं सांगायचं, कारण विचारलं जाणार नाही, लिहिलं जाणार नाही. दोन जोड्या मोडल्या. एकीत पाळ्या जुळेनात: मुलाची लाइन कायमच्या दुसऱ्या पाळीत गेली आणि त्याला राखीव मेंटॉर मिळाला. दुसरीतला मुलगा पुढच्या तुकडीसाठी थांबतो म्हणाला. चौथ्या महिन्यात एका मेंटॉरने नोकरी सोडली, तिथे दुसरा राखीव मेंटॉर आला. तेरा जोड्या शेवटपर्यंत पोहोचल्या.

जोडी बिघडतेय हे आधी कसं ओळखायचं, असं मी समन्वयकांना विचारलं. लिलियन ईबी आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशा नात्यांतल्या वाईट अनुभवांची वर्गवारी केली होती. स्वभाव न जुळणं, मेंटॉरने दूर राहणं, सत्तेचा गैरवापर, मेंटॉरलाच ते काम न येणं, असे त्यातले प्रकार. समन्वयकांनी तो अभ्यास वाचलेला नव्हता, पण त्यांच्या खुणा जवळजवळ त्याच होत्या. लागोपाठ दोन भेटी पुढे ढकलल्या गेल्या तर तिसरी होत नाही, म्हणून दुसऱ्या चुकलेल्या भेटीनंतर त्या स्वतः दोघांना वेगवेगळं भेटत. दर वेळी वेळेआधी संपणारी भेट हीही खूण. आणि सगळ्यात फसवी खूण अशी की सगळं छान चाललेलं दिसतं, कारण मेंटॉर मुलाची प्रत्येक अडचण स्वतः फोन करून सोडवतो. परचेसच्या प्रमुखांनी मेंटेनन्सच्या मुलासाठी सुरुवातीला हेच केलं. त्याला हवे असलेले सुटे भाग एका फोनवर मागवून दिले. मुलगा खूश, पण त्याचं उद्दिष्ट होतं कोणते भाग किती साठवायचे याची यादी स्वतः बनवणं, आणि ते पान तिसऱ्या महिन्यातही पहिल्या दिवशीसारखंच कोरं होतं. समन्वयकांनी मध्याच्या आढाव्यात ते पान दोघांपुढे ठेवलं. फोन थांबले. यादी मात्र सहा महिन्यांत अर्धीच झाली.

तेरापैकी आठ उद्दिष्टं पूर्ण झाली, तीन अर्धवट, दोन साधली नाहीत. साधली नाहीत त्यातलं एक उद्दिष्ट मुळातच चुकीचं होतं: ते पूर्ण होण्यासाठी ग्राहकाकडून नवं काम येणं गरजेचं होतं आणि ते आलं नाही. उद्दिष्ट जोडीच्या हातात असलेल्या गोष्टींवरच उभं हवं, हे त्यातून पुढच्या तुकडीच्या पानावर छापलं गेलं.

मालकांना राजीनाम्यांचा आकडा हवा होता, ते साहजिक होतं. चिठ्ठ्या टाकून चौदा जण निवडले असल्यामुळे थांबलेले वीस जण तुलनेसाठी आयतेच होते. सहा महिन्यांत चौदांपैकी एकाने, तेही अगदी अखेरीस, नोकरी सोडली, वीसपैकी चौघांनी. सात टक्के आणि वीस टक्के असं सादर केलं तर टाळ्या पडल्या असत्या. एचआर प्रमुखांनी तसं केलं नाही. चौदांपैकी आणखी एकाने राजीनामा दिला असता तर सातचे चौदा टक्के झाले असते. इतक्या छोट्या संख्येवरून काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी मालकांना लिहून दिलं आणि त्याऐवजी आठ पूर्ण झालेल्या कामांची यादी जोडली. बोअरच्या मापाची पद्धत, ब्रश बदलण्याचा आकडा, प्लॅनिंगच्या मुलाने टूलरूममध्ये बसून बनवलेलं फिक्स्चर दुरुस्तीचं वेळापत्रक. यादी वाचून मालकांनी दुसऱ्या तुकडीला मंजुरी दिली.

थांबलेल्या वीसांतले चौघे गेले, म्हणून दुसऱ्या तुकडीत ते सोळा जण आणि मधेच थांबलेला तो मुलगा मिळून सतरा झाले. मेंटॉर होण्याची तयारी दाखवणारे एकोणीस आहेत, म्हणजे राखीव दोनच राहतात. समन्वयकांना ते पुरेसे वाटत नाहीत. त्यांनी पंधरा जोड्यांची मागणी केली आहे आणि उरलेल्या दोघांसाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या की त्यांना आधीच्या तुकडीतल्या एखाद्या मेंटीजवळ बसवून बघायचं, यावर समितीत अजून बोलणं चालू आहे. कायम दुसऱ्या पाळीत असलेल्यांसाठी भेटीची वेळ आता साडेतीन ते सव्वाचार केली आहे. सेटरकाकांनी या वेळी दोन मेंटी मागितले होते. एकच, हा नियम त्यांनाही लागू झाला.